सहा एमएल आणि एक एमएलची सिरिंज

प्रश्न: ताई, जीएनएम करून मला आठ महिने झाले, बालरुग्ण विभागात नाईट करते. परवा आमच्याकडे एका मुलाचा डोस चार्टवर दहापट लिहिला गेला होता. औषध अजून द्यायचं होतं म्हणून निभावलं, पण तो सकाळच्या सिस्टरनी पकडला, माझ्या नजरेतून सुटला होता. रात्री एकटीला हे कसं ओळखता येतं? आणि डॉक्टर ऐकत नसतील तर काय करायचं?

उत्तर:

माझ्या हातून असाच एक डोस जाता जाता राहिला, तोच सांगते. तो मी हिशेबाने पकडला नाही. हिशेब मी केला होता, सोबतच्या मुलीनेही केला होता, आणि दोघींचं उत्तर तंतोतंत जुळलं होतं.

पावसाळा होता. वॉर्ड तीस खाटांचा, पण पावसाळ्यात एका खाटेवर दोन पोरं हे ठरलेलंच. नाईटला मी आणि तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. नऊ नंबरच्या खाटेवर सात महिन्यांचा मुलगा होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, म्हणजे आपण ज्याला व्हीएसडी म्हणतो ते. दूध ओढताना दमायचा, कपाळावर घाम यायचा. सात महिन्यांचा असून वजन जेमतेम सहा किलो. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत हृदयाला आधार म्हणून डिगॉक्सिन आणि अंगातलं पाणी उतरवायला फ्रुसेमाइड चालू होतं. डिगॉक्सिन दिवसातून दोनदा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा.

पाच दिवसांत ट्रीटमेंट चार्टचं पान भरलं. रात्री नऊच्या सुमारास रेसिडेंट डॉक्टरांनी नवं पान घेऊन सगळी औषधं त्यावर उतरवली. त्या वेळी दोन ॲडमिशन एकदम आल्या होत्या आणि कॅज्युअल्टीतून फोनवर फोन चालू होते. संध्याकाळचा डोस जुन्या पानावरून गेलेला होता. म्हणजे नव्या पानावरचा पहिला डोस पहाटे सहाचा, माझ्या वाट्याचा.

पहाटे साडेपाच ते साडेसहा हा तास कसा जातो ते तुला सांगायला नको. तापमान, नाडी, रक्ताचे नमुने, लघवीचं माप, सहाची इंजेक्शनं, आणि आठ वाजता ओव्हर द्यायची म्हणून रिपोर्ट बुकही लिहायचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत असतं. मी ट्रे घेऊन नऊ नंबरला गेले. चार्टवर होतं: सिरप डिगॉक्सिन, ०.३ एमजी, दिवसातून दोनदा. बाटलीच्या लेबलवर होतं, एका एमएलमध्ये ०.०५ एमजी. ०.३ भागिले ०.०५, उत्तर ६. सहा एमएल. विद्यार्थिनीला म्हटलं, तूही करून बघ. तिने तळहातावर पेनने आकडे मांडले आणि म्हणाली, "सहाच येतंय, सिस्टर."

आमच्या वॉर्डात डिगॉक्सिनच्या बाटलीला रबरबँडने एक एमएलची सिरिंज बांधलेली असायची, सुई काढलेली, तोंडाने द्यायला. माझा हात सवयीने तिच्याकडे गेला. पण सहा एमएल एक एमएलच्या सिरिंजमध्ये मावणार कसे? मी ती बाजूला ठेवली, ट्रेमधून दहाची सिरिंज घेतली आणि औषध भरलं. खरी धोक्याची घंटा इथेच वाजली होती आणि मी ती ऐकलीच नाही. पाच दिवस जी सिरिंज पुरत होती ती आज का पुरत नाही, हा प्रश्न मनात यायला हवा होता. पण मला वाटलं, सिरिंज चुकीची बांधलीय कुणीतरी.

बाळाची आई जागीच होती. तिने सिरिंजकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, औषध बदललं का ह्याचं?"

"नाही, तेच आहे."

"मग काल तर एवढंसंच हुतं की." तिने करंगळीचं पेर अंगठ्याने धरून दाखवलं.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आता हिशेब उलट्या बाजूने केला, चार्टवरच्या आकड्यापासून नव्हे तर बाळाच्या वजनापासून. या वयाच्या बाळाला डिगॉक्सिनचा रोजचा चालू डोस साधारण किलोमागे १० मायक्रोग्रॅम, तोही दोन वेळांत विभागून. सहा किलोला दिवसाचे ६० मायक्रोग्रॅम, एका वेळचे ३०. ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०३ एमजी. बाटलीतून काढायचे तर ०.६ एमएल. करंगळीचं पेर.

मग केस पेपरमधून जुनं पान काढलं. तिथे ".०३" असं लिहिलेलं होतं, टिंबाच्या आधी शून्य नव्हतं, आणि ते टिंब नेमकं रकान्याच्या छापील रेघेवर बसलेलं. नीट निरखल्याशिवाय ते "०३" असंच दिसत होतं.

आणखी एक गोष्ट पाहिली, ती तूही पाहायला विसरू नकोस. चूक आजच झाली की आधीपासून चालू आहे? बाटली तीस एमएलची होती आणि पाच दिवसांपूर्वी फक्त याच बाळासाठी उघडलेली. दिवसाला १.२ एमएलप्रमाणे पाच दिवसांत सहा एमएल जायला हवेत. मी भरलेले सहा धरून पाहिलं, तर हिशेब बरोबर लागत होता. रोज बारा एमएल गेले असते तर बाटली तिसऱ्या दिवशीच संपली असती. म्हणजे आधीचे डोस बरोबर गेले होते. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आता फोनचं सांगते, कारण तुझा दुसरा प्रश्न तोच आहे. रेसिडेंट कॅज्युअल्टीत होते, झटके येणाऱ्या एका मुलाजवळ. मी नुसतं "सर, डोस जास्त वाटतोय" म्हटलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला माहीत होतं. तरी पहिलं वाक्य जवळपास तसंच निघालं माझ्या तोंडून, आणि अपेक्षित उत्तर आलं: "सिस्टर, जुन्या पानावरूनच उतरवलंय मी. लिहिलंय ते द्या."

मग मी एका दमात सांगितलं. "सर, नऊ नंबर, वजन सहा किलो. नव्या पानावर डिगॉक्सिन ०.३ एमजी आहे, म्हणजे तीनशे मायक्रोग्रॅम, एका वेळेला किलोमागे पन्नास. जुन्या पानावर तीस मायक्रोग्रॅम आहे. मोठ्या माणसाची अख्खी गोळी ०.२५ एमजीची असते, हे त्याहून जास्त होतंय. मी डोस दिलेला नाही, थांबवलाय. तुम्ही येऊन दुरुस्त करून द्याल का?"

दोन क्षण फक्त मागचा गोंधळ ऐकू आला. मग, "देऊ नका. येतो."

गोळीच्या त्या वाक्याने काम झालं असं मला वाटतं. किलोमागे किती ते थकलेल्या माणसाला डोक्यात मांडावं लागतं. पण सहा किलोचं बाळ आणि आजोबांची गोळी हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

ते सव्वासहाला आले. जुनं पान ट्यूबलाइटखाली धरून त्यांनी टिंब शोधलं. म्हणाले, "मला ०३ दिसलं. मला वाटलं मधलं टिंब द्यायचं राहिलंय, म्हणून मी ते घातलं." म्हणजे त्यांच्या मते ते चूक सुधारत होते. त्यांनी नव्या पानावरची ओळ एका रेघेने खोडली, सही केली, वेळ टाकली आणि खाली पुन्हा लिहिलं: डिगॉक्सिन, ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ एमएल, बाटली एका एमएलमध्ये ५० मायक्रोग्रॅमची. "मायक्रोग्रॅम" हा शब्द मी पूर्ण लिहायला लावला. घाईत लिहिलेल्या संक्षेपातला मायक्रो मिलीसारखा दिसला तर चूक दहापट नाही, हजारपट होते. आणि आकडा खोडून त्यावरच गिरवून दुरुस्त केलेला कधीही चालवून घेऊ नकोस. गिरवलेल्या तीनचा पुढच्या शिफ्टमध्ये आठ होतो.

दहाच्या सिरिंजमधले सहा एमएल मी बाटलीत परत ओतले नाहीत, टाकून दिले आणि रजिस्टरला तशी नोंद केली. मग स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले, १३४ भरले. आमच्याकडे बाळाचे ठोके शंभराच्या खाली असले तर डिगॉक्सिन थांबवून डॉक्टरांना कळवायचं असा नियम होता. ठिकाणाप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, तुझ्या वॉर्डचा कोणता ते विचारून ठेव. पावणेसातला रबरबँडची सिरिंज सोडवली आणि ०.६ एमएल दिलं. पाऊण तास उशीर झाला, पण त्याने या औषधाचं काही बिघडत नाही.

ते सहा एमएल गेले असते तर काय झालं असतं? एका डोसने बाळ दगावलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण हिशेब बघ. पहिल्यांदा डिगॉक्सिन सुरू करताना काही बाळांना जो पूर्ण लोडिंग डोस देतात, तो तोंडाने या वयात किलोमागे साधारण ४० ते ५० मायक्रोग्रॅम, आणि तोही एकदम नाही, दिवसभरात तुकड्यातुकड्याने. इथे एका घोटात ५० गेले असते, ते आधीच डिगॉक्सिनवर असलेल्या बाळाला, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा ५०. औषध उतरतं किडनीवाटे आणि सावकाश. त्यात फ्रुसेमाइडने पोटॅशियम कमी झालेलं असेल तर डिगॉक्सिनची बाधा आणखी लवकर होते. बाधेची पहिली लक्षणं कोणती? उलटी, दूध न पिणं, मलूल पडणं, मग ठोके मंदावणं आणि ताल बिघडणं. यातली पहिली तीन या बाळाला तशीही अधूनमधून होतीच. दुपारच्या सिस्टरने लिहिलं असतं, "फीड घेत नाही, एक उलटी", आणि सगळ्यांनी ते आजाराच्या खात्यावर टाकलं असतं. चूक पुढच्या डोसला तशीच चालू राहिली असती. डिगॉक्सिनची मला भीती वाटते ती यासाठी. त्याची बाधा आजारासारखीच दिसते.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. दोघींनी तपासूनही चूक का सुटली? कारण आम्ही दोघींनी एकच गणित सोडवलं. ०.३ हा आकडा बरोबर धरून त्याचे एमएल किती, एवढंच. भागाकार अचूक होता. अशा वेळी दुसऱ्याकडून तपासून घेणं म्हणजे आपलंच उत्तर दुसऱ्याच्या आवाजात ऐकणं. खरं तर मी तिला चार्टवरचा आकडा दाखवायलाच नको होता. "सहा किलोचं बाळ आहे, पुस्तकात बघून डिगॉक्सिनचा एका वेळचा डोस काढ आणि बाटलीतून किती घ्यायचं ते सांग," एवढंच म्हणायला हवं होतं. तिने ०.६ सांगितलं असतं, माझ्याकडे ६ असते, आणि तिथेच दोघी थबकलो असतो. तेव्हापासून मी तसंच करते. सोबत कुणी नसेल तर मी स्वतःच चार्ट पालथा ठेवते, वजनावरून डोस काढून कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिते, आणि मग चार्ट उलटून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघते. प्रत्येक औषधाला हे जमत नाही, रात्री तीस पोरांत ते शक्यही नाही. मी पाच-सहा औषधांना ते सोडत नाही: डिगॉक्सिन, मॉर्फीन, इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन आणि फिटवर शिरेतून द्यायची औषधं. शिवाय नवीन पानावरचा पहिला डोस, मग औषध कोणतंही असो. पान बदललं की आकडा कुणीतरी हाताने उतरवलेला असतो, एवढं कारण मला पुरतं.

गणिताशिवाय दुसरी खूण हाताला कळते. लहान मुलाच्या एका डोससाठी एकाहून जास्त अँप्युल फोडावी लागली, रोजची सिरिंज पुरेनाशी झाली, बाटली भराभर उतरायला लागली, तर हात थांबला पाहिजे. पण या खुणेवर फार विसंबू नकोस, ती काही ठिकाणी अजिबात उमटत नाही. तीन किलोच्या नवजात बाळाला मॉर्फीन ०.३ एमजी द्यायचं आहे आणि चार्टवर ३ एमजी पडलं, असं समज. अँप्युल दहा एमजीची. दहापट चूक होऊनही अर्धी अँप्युलसुद्धा लागत नाही, काहीच वावगं दिसत नाही. बाळ जितकं लहान तितकी चूक एका अँप्युलमध्ये आरामात मावते. तिथे फक्त वजनावरचा हिशेबच वाचवतो.

आणि एक दहापट चूक अशी आहे की चार्ट अगदी बरोबर असतो आणि चुकतो तो आपला हात. शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल. शंभर एमएलची बाटली, एका एमएलमध्ये १० एमजी. सहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी ४५ एमजी लिहिले, म्हणजे साडेचार एमएल. पहाटे चारला डोक्यात ४५ हा आकडा राहतो, एकक गळून पडतं, आणि ४५ एमएल लावले जातात. बाटलीत शंभर आहेतच, ड्रिपसेट लावलेला आहेच, कशालाच अडत नाही. म्हणून आमच्याकडे लहान मुलाला ती बाटली थेट टांगायची नाही असा दंडक आहे. लागेल तेवढं सिरिंजमध्ये काढायचं आणि तेवढंच लावायचं.

डॉक्टर ऐकत नसतील तर? माझे डॉक्टर त्या रात्री दुसऱ्या वाक्याला ऐकले, प्रत्येक वेळी असं होत नाही. एकदा एका डॉक्टरांनी "मी जबाबदारी घेतो, द्या" असं फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, मग तुम्ही वॉर्डात येऊन द्या, मी शेजारी उभी राहते." ते आले, चार्ट पाहिला आणि काही न बोलता आकडा बदलला. येत नसतील तर त्यांच्यावरच्या ऑनकॉल डॉक्टरांना फोन करायचा आणि नाईट सुपरवायझर सिस्टरना कळवायचं. हे चोरून करू नकोस. "सर, मला खात्री वाटत नाही, मी वरच्या मॅडमना विचारते," असं त्यांना सांगूनच कर. चार्टवर डोसच्या रकान्यात "दिला नाही, डॉक्टरांना कळवलं" आणि वेळ लिही. रकाना कोरा ठेवलास तर सकाळची सिस्टर डोस राहून गेला समजून तोच डोस देईल. फोनवर नवा डोस ऐकलास तर तो आकडा आकडा सुटा करून परत म्हणून दाखव, "शून्य, टिंब, शून्य, तीन, म्हणजे तीस मायक्रोग्रॅम", आणि सही करायला त्यांना बोलावच.

सकाळी ओव्हरमध्ये मी सगळं सांगितलं, स्वतः सहा एमएल भरले होते हेही. इन्चार्ज सिस्टर कडक होत्या, मला वाटलं आता बोलणी बसतात. त्यांनी फक्त विचारलं, "सिरिंज बदलताना काही वाटलं नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी घडलेलं लिहून द्यायला लावलं, माझ्याकडून आणि डॉक्टरांकडूनही. त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. चार्टच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर, फक्त पहिल्या नव्हे, वजन लिहायचं. आणि अपूर्णांकात टिंबाआधी शून्य लिहायचंच, पूर्णांकानंतर मात्र टिंब आणि शून्य लिहायचं नाही, म्हणजे ".५" नाही आणि "५.०"ही नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्येच या दोन्ही पद्धती न वापरायच्या यादीत टाकल्या होत्या. आमच्या भिंतीवर तो कागद लागायला मात्र एका रेघेवर बसलेलं टिंब लागलं.

बाळ पुढे नऊ दिवस राहिलं. घरी सोडताना औषध देण्याची पद्धत आईला मीच शिकवली. एक एमएलच्या सिरिंजवर ०.६ च्या रेघेपाशी बारीक चिकटपट्टी लावून दिली. तिने तीनदा पाणी भरून दाखवलं, तिन्ही वेळा बरोबर पट्टीपाशी आणून थांबवलं. मग म्हणाली, "अजून एक द्या की, ही पोरीनं कुठं टाकली तर?" मी दुसरीला पट्टी लावून दिली.